मागे न वळणारी खिडकी

‘बदक सरकत बघ’ हे तीन बिनमात्रांचे शब्द घ्या. मधल्या जागा काढून टाकल्या की नऊ अक्षरांची ओळ तयार होते: बदकसरकतबघ. आता प्रश्न असा की, या ओळीतला सर्वांत लांब सलग तुकडा शोधायचा, पण त्या तुकड्यात कोणतेही अक्षर दोनदा येता कामा नये.

यातला ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ओळीत वेगवेगळी अक्षरे मोजली तर ती सात भरतात: ब, द, क, स, र, त, घ. अक्षरे हवी तिथून वेचायची मुभा असती तर उत्तर सात आले असते. पण आपल्याला ओळ न तोडता, एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंतचा अखंड तुकडा हवा आहे. संगणकाच्या भाषेत अक्षरांच्या ओळीला स्ट्रिंग आणि तिच्या सलग तुकड्याला सबस्ट्रिंग म्हणतात.

प्रोग्रामिंगचा सराव करणाऱ्यांना हे कोडे चांगले परिचयाचे आहे. लीटकोड या सरावाच्या संकेतस्थळावर ते तिसऱ्या क्रमांकावर आहे आणि सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी तयारी करणारी मुले ते हमखास सोडवतात. त्यातली बरीच मुले उत्तराचा कोड पाठ करतात. पाठ केलेला कोड त्या एका कोड्यापुरता चालतो. कोडे जरा बदलले की अडतो. या पद्धतीच्या मुळाशी असलेला युक्तिवाद मात्र चार ओळींचा आहे, आणि प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही तो कळू शकतो. तो युक्तिवाद समजून घेणे हाच या लेखाचा हेतू आहे.

सगळे तुकडे तपासले तर?

पहिला सरळ विचार असा की, सगळे तुकडे काढावेत, प्रत्येकात पुनरावृत्ती आहे का ते पाहावे आणि जो सर्वांत लांब निर्दोष तुकडा असेल तो ठेवावा. पहिल्या अक्षरापासून सुरू होणारे तुकडे नऊ, दुसऱ्यापासूनचे आठ, तिसऱ्यापासूनचे सात, असे करत एकूण ४५ तुकडे होतात. कागदावर हे काम अर्ध्या तासात होईल.

पण लीटकोडवरच्या कोड्यात ओळीची लांबी ५०,००० अक्षरांपर्यंत असू शकते. तेवढ्या ओळीचे तुकडे होतात १२५ कोटी २५ हजार. शिवाय प्रत्येक तुकडा आतून तपासायचा तो वेगळाच. ओळ दुप्पट झाली की तुकडे चौपट होतात, म्हणजे यंत्र कितीही वेगवान आणले तरी ओळ थोडी वाढवून त्याला हरवता येते.

या कामात वाया काय जाते ते नीट पाहू. ‘बदकसर’ या पहिल्या पाच अक्षरांत पुनरावृत्ती नाही हे आपण तपासले. मग दुसऱ्या अक्षरापासून सुरुवात करताना ‘दकसर’ पुन्हा तपासायची गरजच काय? मोठ्या तुकड्यात एकही अक्षर दोनदा आलेले नसेल, तर त्याच्या पोटातल्या तुकड्यात ते येणारच नाही. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. एखाद्या तुकड्यात एक अक्षर दोनदा आले असेल, तर त्याला सामावून घेणारा प्रत्येक मोठा तुकडाही सदोषच असणार. या दोन गोष्टी म्हणजे एकाच नियमाच्या दोन बाजू आहेत आणि पुढची सगळी पद्धत या नियमावर उभी आहे.

दोन टोके, एक खिडकी

ओळीवर दोन खुणा ठेवायच्या, एक डावीकडची आणि एक उजवीकडची. त्यांच्या मधली अक्षरे म्हणजे आपली खिडकी. या खुणांना पॉइंटर म्हणतात, म्हणून ही दोन पॉइंटरची पद्धत. आणि खिडकी ओळीवरून पुढे पुढे सरकत जाते, म्हणून तिला स्लायडिंग विंडो असेही म्हणतात. चालणाऱ्या सुरवंटासारखी तिची चाल असते: आधी पुढचे टोक लांबते, मग गरजेपुरते मागचे टोक ओढून घेतले जाते.

नियम दोनच. उजवे टोक दर पायरीला एक अक्षर पुढे जाते. येणारे अक्षर खिडकीत आधीच असेल, तर ते जुने अक्षर बाहेर पडेपर्यंत डावे टोक एकेक अक्षर सोडत पुढे सरकते. मग नवे अक्षर आत घ्यायचे, खिडकीची लांबी मोजायची आणि आजवरच्या सर्वांत मोठ्या लांबीशी ताडून पाहायची.

आपल्या ओळीवर हे करून पाहू. ओळीतली स्थाने १ ते ९ अशी धरली आहेत.

| पायरी | नवे अक्षर | बाहेर गेलेली | खिडकी | लांबी | आजवरची कमाल |
|---|---|---|---|---|---|
| १ | ब | – | ब | १ | १ |
| २ | द | – | बद | २ | २ |
| ३ | क | – | बदक | ३ | ३ |
| ४ | स | – | बदकस | ४ | ४ |
| ५ | र | – | बदकसर | ५ | ५ |
| ६ | क | ब, द, क | सरक | ३ | ५ |
| ७ | त | – | सरकत | ४ | ५ |
| ८ | ब | – | सरकतब | ५ | ५ |
| ९ | घ | – | सरकतबघ | ६ | ६ |

पहिल्या पाच पायऱ्या सरळ आहेत. काहीही अडत नाही, खिडकी वाढत जाते. सहाव्या पायरीला क येतो आणि खिडकीत तिसऱ्या स्थानावर क आहेच. डावे टोक आधी ब सोडते. क अजून आतच आहे. मग द सोडते. क अजूनही आत. मग तो जुना क सोडते आणि आता वाट मोकळी होते. खिडकी पाचवरून तीनवर येते, पण कमाल पाचच राहते, कारण पाचचा तुकडा आपण आधीच मोजून ठेवला आहे.

आठव्या पायरीकडे विशेष लक्ष द्या. ब हे अक्षर ओळीत पूर्वी, अगदी पहिल्या स्थानावर, येऊन गेले आहे. पण ते खिडकीतून केव्हाच बाहेर पडले आहे, म्हणून त्याची अडचण नाही. विचारायचा प्रश्न ‘हे अक्षर पूर्वी कधी आले होते का’ असा नसून ‘ते आत्ता खिडकीत आहे का’ असा आहे. या दोन प्रश्नांची गल्लत केली की काय होते, ते पुढे येईलच.

नवव्या पायरीअखेर उत्तर हाती आले: सहा, आणि तुकडा ‘सरकतबघ’. उजवे टोक नऊदा हलले, डावे तीनदा. ४५ तुकड्यांऐवजी १२ हालचालींत काम झाले.

मधले तुकडे न पाहता उत्तर बरोबर कसे?

इथे चौकस वाचकाला शंका यायलाच हवी. सहाव्या पायरीला आपण डावे टोक थेट चौथ्या स्थानावर नेले. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या स्थानापासून सुरू होणारे कितीतरी तुकडे आपण पाहिलेच नाहीत. त्यांतच खरे उत्तर दडले असेल तर?

ते असू शकत नाही. तिसऱ्या आणि सहाव्या अशा दोन्ही स्थानांवर क आहे. पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या स्थानापासून सुरू होऊन सहाव्यापर्यंत किंवा त्याच्या पुढे जाणारा कोणताही तुकडा हे दोन्ही क पोटात घेतो, म्हणजे तो सदोषच. या तीन सुरुवातींना निर्दोष राहायचे असेल तर पाचव्या स्थानावर थांबावेच लागते. त्यांतला सर्वांत लांब, पहिल्यापासून पाचव्यापर्यंतचा, आपण पाचव्या पायरीला मोजला आहे. या सुरुवातींकडून आणखी काही मिळण्यासारखे उरले नाही, म्हणूनच त्या कायमच्या सोडता येतात.

हेच दर पायरीला लागू पडते. उजवे टोक जिथे असेल तिथे संपणाऱ्या निर्दोष तुकड्यांपैकी सर्वांत लांब तुकडा म्हणजे त्या क्षणीची खिडकी. प्रत्येक तुकडा कुठेतरी संपतोच, आणि आपण संपण्याची प्रत्येक जागा पाहिली. त्यामुळे काहीही निसटत नाही. डाव्या टोकाला मागे जायची वेळ कधी येत नाही, कारण मागच्या सुरुवाती सदोष ठरल्या आहेत आणि उजवीकडे आणखी अक्षरे जोडून सदोष तुकडा निर्दोष होत नाही.

कोड आणि त्याचा वेळ

पायथनमध्ये हीच पद्धत अशी लिहितात. `seen` हा सेट खिडकीत आत्ता असलेली अक्षरे धरून ठेवतो. संगणक स्थाने शून्यापासून मोजतो, एवढाच आपल्या तक्त्याशी फरक.

```python
def longest(s):
    seen = set()
    left = 0
    best = 0
    for right in range(len(s)):
        while s[right] in seen:
            seen.remove(s[left])
            left += 1
        seen.add(s[right])
        best = max(best, right - left + 1)
    return best
```

इथे एक गैरसमज नेहमी होतो. `for` च्या पोटात `while` दिसला की, लूपच्या आत लूप आहे म्हणजे कामाचा गुणाकार होणार, असे वाटते. पण आतला लूप दर वेळी शून्यापासून सुरू होत नाही. डावे टोक फक्त पुढे जाते आणि उजव्याला ओलांडत नाही. म्हणून एखाद्या पायरीला ते तीनदा हलले तरी संपूर्ण प्रवासात त्याच्या हालचाली ओळीच्या लांबीपेक्षा जास्त होऊच शकत नाहीत. ५०,००० अक्षरांच्या ओळीत दोन्ही टोकांच्या मिळून जास्तीत जास्त एक लाख हालचाली. हिशेब दर पायरीचा न मांडता अख्ख्या प्रवासाचा मांडायचा, हे इथले मर्म आहे.

प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. सगळे तुकडे तपासणारी पद्धतही थोडी सुधारता येते: प्रत्येक सुरुवातीपासून पुढे जायचे आणि पहिली पुनरावृत्ती दिसताच थांबायचे. ओळीत इंग्रजीची फक्त २६ लहान अक्षरे असतील तर २७व्या अक्षराला पुनरावृत्ती होणारच, म्हणून ५०,००० अक्षरांना साडेतेरा लाखांच्या वर तपासण्या लागत नाहीत. हे काही वाईट नाही. खरी फारकत होते ती वेगवेगळ्या चिन्हांची संख्या मोठी असेल तेव्हा, उदाहरणार्थ अक्षरांऐवजी पावत्यांचे क्रमांक असतील आणि त्यांत पुनरावृत्ती जवळजवळ नसेल तर. तिथे सुधारलेली पद्धतही पुन्हा १२५ कोटींच्या घरात जाते आणि खिडकी एका लाखातच राहते.

उडी मारताना होणारी चूक

डावे टोक एकेक पाऊल टाकते, त्याऐवजी त्याला थेट उडी मारू द्यावी, हा पुढचा विचार. प्रत्येक अक्षर शेवटचे कुठे दिसले ते डिक्शनरीत टिपून ठेवायचे. सहाव्या स्थानी क आला की डिक्शनरी सांगते, मागचा क तिसऱ्यावर होता. डावे टोक लगेच चौथ्यावर न्यायचे. एकेक अक्षर सोडत बसायला नको.

सोय चांगली आहे, पण नेमकी इथेच सर्वांत जास्त माणसे घसरतात. डिक्शनरीतून आपण काहीच पुसत नाही, त्यामुळे खिडकीबाहेर गेलेल्या अक्षरांच्या नोंदीही तिच्यात तशाच राहतात. आठव्या पायरीला ब आला. डिक्शनरी म्हणते, मागचा ब पहिल्या स्थानावर होता. विचार न करता डावे टोक ‘मागच्या स्थानाच्या पुढे’ नेले तर ते दुसऱ्या स्थानावर जाते, म्हणजे चौथ्यावरून चक्क मागे. खिडकी होते ‘दकसरकतब’, लांबी सात, आणि आत दोन क. नवव्या पायरीला घ येऊन लांबी आठ होते आणि प्रोग्राम आठ हे उत्तर देऊन मोकळा होतो.

हे उत्तर चुकीचे आहे हे कोड न वाचताही ओळखता येते. ओळीत वेगवेगळी अक्षरेच सात आहेत. पुनरावृत्ती न होता आठ अक्षरांचा तुकडा येईल कुठून? उत्तर वेगवेगळ्या अक्षरांच्या संख्येपेक्षा मोठे आले की खिडकी मागे सरकली आहे असे निश्चित समजावे. उलटे मात्र खरे नाही: उत्तर त्या मर्यादेत असले म्हणून ते बरोबरच असेल असे नाही.

यावरचा उपाय एका `max` मध्ये आहे.

```python
def longest_jump(s):
    last = {}
    left = 0
    best = 0
    for right, ch in enumerate(s):
        if ch in last:
            left = max(left, last[ch] + 1)
        last[ch] = right
        best = max(best, right - left + 1)
    return best
```

डाव्या टोकाची सध्याची जागा आणि डिक्शनरीने सुचवलेली जागा यांपैकी जी पुढची असेल ती घ्यायची. ‘डावे टोक मागे जाणार नाही’ हा आपला युक्तिवाद कोडमध्ये याच ओळीत उतरला आहे. पहिल्या आवृत्तीत ही काळजी घ्यावी लागत नव्हती, कारण तिथला सेट खिडकीबाहेरची अक्षरे लगेच पुसत होता.

तपासणीसाठी लहान ओळी पुरतात. रिकाम्या ओळीचे उत्तर शून्य, ‘ममम’चे एक, ‘कमल’चे तीन. आणि उडीची चूक पकडायला ‘कममक’ पुरेसा आहे. त्याचे खरे उत्तर दोन; `max` विसरलेला कोड तीन सांगतो.

मराठी मजकुरावर वेगळे उत्तर

आतापर्यंत बिनमात्रांचे शब्द मुद्दाम घेतले होते. आता ‘काकासाहेब’ घ्या. आपल्या डोळ्यांना त्यात पाच अक्षरे दिसतात: का, का, सा, हे, ब. पुनरावृत्ती न होणारा सर्वांत लांब सलग तुकडा ‘कासाहेब’, लांबी चार.

वरचा प्रोग्राम मात्र पाच हे उत्तर देतो, आणि त्याला सापडलेला तुकडा असतो ‘साहेब’. लहान तुकडा आणि मोठा आकडा, असे कसे? युनिकोडमध्ये व्यंजन आणि त्याची मात्रा ही दोन स्वतंत्र चिन्हे असतात. पायथनच्या लेखी ‘काकासाहेब’ म्हणजे क, काना, क, काना, स, काना, ह, मात्रा, ब अशी नऊ चिन्हे. ‘कासाहेब’मध्ये काना दोनदा येतो, म्हणून तो तुकडा त्याने बाद केला. ‘साहेब’मध्ये स, काना, ह, मात्रा, ब अशी पाच वेगवेगळी चिन्हे आहेत, म्हणून तो टिकला.

पद्धत इथे चुकलेली नाही. तिला दिलेले घटक चुकीचे आहेत. आधी मजकुराची वाचकाला दिसणारी अक्षरे वेगळी करावीत आणि त्यांची यादी त्याच फंक्शनला द्यावी. पायथनसाठी `regex` नावाचे वेगळे मॉड्यूल मिळते, त्यात हे एका ओळीत होते.

```python
import regex
parts = regex.findall(r"\X", "काकासाहेब")
print(longest(parts))
```

आता उत्तर चार येते. जोडाक्षरांच्या बाबतीत थोडे सावध राहावे. ‘क्ष’सारखे जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३च्या १५.१ या आवृत्तीत आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी साधने ते दोन भागांत तोडतात. मराठी मजकुरावर काम करणाऱ्याने ‘अक्षर म्हणजे काय’ हे खिडकी सरकवण्यापूर्वी ठरवावे.

खिडकी कुठे चालत नाही

ज्या प्रश्नात ‘सदोष तुकडा वाढवला तरी सदोषच राहतो’ हा नियम टिकतो, तिथे ही पद्धत चालते. तो मोडला की ती कोणतीही सूचना न देता चुकीचे उत्तर देते.

समजा काही आकडे दिले आहेत आणि ज्याची बेरीज ३ च्या वर जात नाही असा सर्वांत लांब सलग तुकडा हवा आहे. सगळे आकडे धन असतील तर अडचण नाही: बेरीज ३ ओलांडली की आणखी आकडे जोडून ती खाली येणार नाही, म्हणून डावे टोक निर्धास्तपणे पुढे न्यावे. पण आकडे ५, −४, १ असे असतील तर? खिडकी पहिल्याच पायरीला ५ पाहते, मर्यादा ओलांडली म्हणून तो सोडून देते आणि शेवटी −४, १ हा दोन आकड्यांचा तुकडा हाती देते. प्रत्यक्षात तिन्ही आकड्यांची बेरीज २ आहे, म्हणजे खरे उत्तर तीन. ५ला सोडताना आपण गृहीत धरले की त्याच्यापासून सुरू होणारे तुकडे कायमचे बाद झाले. पुढच्या ऋण आकड्याने ते गृहीतक मोडले.

म्हणून असे कोडे समोर आले की कोड लिहायला घेण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: डावीकडची जी सुरुवात मी सोडतो आहे, ती पुढे कधी पुन्हा उपयोगी पडू शकेल का? ‘नाही’ हे उत्तर कारणासह देता आले, तर खिडकी खुशाल सरकवा. कारण देता आले नाही, तर पाठ असलेला कोड बाजूला ठेवून दुसरी वाट शोधा.